मोगऱ्याच्या पोटात डांबरगोळी

आमच्या शाळेच्या करिअर दिनाला दरवर्षी साधारण ठरलेली माणसं येतात. एखादे डॉक्टर, बँकेतले अधिकारी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार मेजर, ॲम्युनिशन फॅक्टरीतले इंजिनियर. खडकीत हे साहजिकच आहे. १८६९ पासून इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, १९४० पासून स्फोटकांचा दुसरा, शेजारी बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. आमच्या कितीतरी मुलांच्या घरी पगार येतो तो या फाटकांतूनच. यंदा या दिवसाचं काम माझ्याकडे आलं. शाळेत मी नवी, आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. एका पालकांनी एक नाव सुचवलं: खडकीतच वाढलेले, वडील कारखान्यात होते, आता मुंबईत सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत परफ्यूमर आहेत. फळ्यावर विषय काय लिहू, असं मी त्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "साबणाला वास कुठून येतो, एवढंच लिहा."

माझ्या डोळ्यांसमोर अत्तराच्या नक्षीदार कुप्या होत्या. त्यांनी आणली ती खोकल्याच्या औषधासारख्या तपकिरी बाटल्यांची एक पेटी, पांढऱ्या जाड कागदाच्या अरुंद पट्ट्यांचा गठ्ठा, आणि रॅपर नसलेल्या दोन पांढऱ्या साबणवड्या. प्रत्येक बाटलीवर नाव आणि त्याखाली टक्के लिहिलेले. बहुतेकांवर दहा, एकीवर फक्त एक. बाटल्यांत शुद्ध द्रव्य नव्हतंच. बिनवासाच्या द्रवात पातळ केलेलं होतं. शुद्ध द्रव्य हुंगलं तर नाक काही वेळ बधिर होतं आणि पुढचं काहीच कळत नाही, म्हणून शिकणाऱ्याला नेहमी पातळ केलेलंच देतात, असं त्यांनी मला पेटी उघडताना सांगितलं.

सरांनी स्वतःची ओळख दोन वाक्यांत उरकली आणि ज्या बाटलीवर एक टक्का होता तिच्यात पट्ट्यांची टोकं बुडवून मुलांत वाटायला सांगितल्या. "नाव विचारू नका. नाकाला लावू नका, थोडी लांब धरा. काय आठवतं ते वहीत लिहा."

वर्गातून आवाज सुरू झाले. डांबरगोळी. आजीची ट्रंक. एक मुलगा म्हणाला, "स्टेशनवरची मुतारी." हसू पिकलं, पण सरांनी त्याला थांबवलं नाही. "बरोबर आहे. लिही." मलाही डांबरगोळीच आठवली, आणि तिच्यामागे काहीतरी कुजकट, तोंड फिरवावंसं वाटणारं. करिअर दिनाला, मुख्याध्यापक समोर बसलेले असताना, हे काय चाललंय, हे मला खरंच कळेना.

मग त्यांनी आणखी तीन पट्ट्या वाटल्या. पहिलीला केळ्याच्या गोळीसारखा गोड वास, दुसरीला लव्हेंडरच्या जवळचा हलका, तिसरीला संत्र्याच्या फुलाचा आणि स्वस्तातल्या द्राक्षाच्या सरबताचा. तीनही पट्ट्या एकटीएकटी कंटाळवाण्या होत्या. "आता चारही पट्ट्या पंख्यासारख्या एकत्र धरा आणि नाकासमोरून हळूच हलवा."

पहिल्या बाकावरची मुलगी एकदम म्हणाली, "गजरा!" आणि मग सगळा वर्ग पट्ट्या हलवायला लागला. मी डांबरगोळीची पट्टी काढून पाहिली. उरलेल्या तिघींतून गोड, सपाट, साबणासारखा वास आला, फूल नव्हतं. पट्टी परत लावली की मोगरा. पुन्हा काढली, पुन्हा लावली. ज्या वासाने मी तोंड फिरवलं होतं त्याच्याशिवाय मोगरा उभाच राहत नव्हता.

त्या द्रव्याचं नाव इंडोल. खऱ्या मोगऱ्यात ते असतंच, जाईत असतं आणि विष्ठेतही असतं. फार झालं की दुर्गंध, अगदी थोडं आणि योग्य सोबतीत असलं की फुलाचा जिवंतपणा. केळ्याचा वास होता तो बेंझिल ॲसिटेटचा, हलका तो लिनालूलचा, द्राक्षाचा तो मिथाइल ॲन्थ्रॅनिलेटचा. "परफ्यूमर म्हणजे तीक्ष्ण नाकाचा माणूस असं लोकांना वाटतं," सर म्हणाले. "माझं नाक तुमच्यासारखंच आहे. फरक इतकाच की हजाराहून जास्त वास मला नावासकट आठवतात, आणि त्यातले कुठले दोन शेजारी ठेवले की काय होतं हेही आठवतं."

ही आठवण कशी तयार करतात ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि मला वाटतं सगळ्या तासातला सर्वांत उपयोगाचा भाग तो होता. फ्रान्समध्ये ग्रास नावाचं सुगंधाच्या धंद्याचं जुनं गाव आहे. तिथे झां कार्ल या परफ्यूमरने दुसऱ्या महायुद्धानंतर शिकवण्याची एक पद्धत बसवली आणि जगभर आजही थोड्याफार फरकाने तीच चालते. आधी एकमेकांपासून अगदी लांबचे वास शिकायचे: लिंबू, लवंग, चंदन, गुलाब. रोज थोडेच. नाव झाकून हुंगायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं, कारण दुसऱ्याचे शब्द टिकत नाहीत. लांबचे वास पक्के झाले की मग जवळचे: लिंबू आणि संत्रं, संत्रं आणि मोसंबी, शेवटी एकाच संत्र्याच्या दोन देशांतल्या तेलांतला फरक. पट्टी एकदा हुंगून टाकायची नाही. बुडवल्याबरोबर, तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी अशी परत परत हुंगायची, कारण कुठला वास किती वेळ टिकतो हीसुद्धा आठवणीतच ठेवायची गोष्ट आहे. लिंबाचा वास थोड्या वेळात उडतो. कस्तुरीच्या जातीचा वास पट्टीवर कित्येक दिवस राहतो. सूत्र लिहिताना हे माहीत नसेल तर सकाळी सुंदर वाटलेलं मिश्रण संध्याकाळी ओळखू येत नाही.

मधेच एकाने विचारलं, नाक दमत नाही का? दमतं. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा काही उपयोग होत नाही, साध्या हवेने तेवढंच काम होतं, असं त्यांनी सांगितलं. ते स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात किंवा आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावतात, कारण आपल्या अंगाच्या वासाची नाकाला सवय झालेली असते.

कस्तुरीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी जी हकीकत सांगितली ती खडकीच्या मुलांसाठीच राखून ठेवली असावी. १८८८ साली आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनज्ञ स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीच्या जवळची नवी द्रव्यं बनवण्यासाठी टोलुइनच्या एका भाऊबंदावर तो नायट्रिक आम्लाची क्रिया करून पाहत होता. जे हाताला लागलं ते स्फोटक म्हणून कामाचं नव्हतं, पण त्याला कस्तुरीचा वास होता. खरी कस्तुरी हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते, त्यासाठी नर मारावा लागे आणि भाव सोन्याच्या तोडीचा असे. बाऊरची कस्तुरी प्रयोगशाळेत बनत होती. तिच्यापासून कृत्रिम कस्तुरींची एक पिढीच निघाली आणि पुढची कित्येक दशकं साबण, पावडर आणि सेंट त्यांच्यावर चालले. नंतर त्यातल्या काहींचे दुष्परिणाम दिसले, एकीमुळे उन्हात गेल्यावर त्वचेवर चट्टे उठायचे, आणि त्या हळूहळू वापरातून गेल्या. "तुमच्यापैकी ज्यांचे वडील स्फोटकांच्या कारखान्यात आहेत त्यांनी त्यांना नायट्रेशन म्हणजे काय ते विचारा," सर म्हणाले. "माझ्या धंद्यातलं ते एक मोठं दार होतं." तीन-चार हात वर गेले. त्यातल्या एकाला वडिलांच्या कामाबद्दल चार लोकांत बोलण्यासारखं काही आहे हे पहिल्यांदाच जाणवलं असावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

मग आजच्या काळातल्या एका कस्तुरीची पट्टी फिरली. स्वच्छ, उबदार, नुकत्याच वाळलेल्या कपड्यांसारखी. मुलं माना डोलावत होती आणि मागच्या बाकावरचा एकजण पट्टी उलटसुलट करत होता. "सर, माझी कोरी आली." त्याला दुसरी दिली. तीही कोरी. बाजूच्या मुलाने तीच घेऊन हुंगली तर तिला वास होता.

मुलाचं तोंड उतरलं. माझ्याही मनात आलं की याच्या नाकात दोष असेल, घरी कळवायला हवं. सरांनी मात्र खुर्ची ओढून त्याच्याजवळ नेली. नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात, हे त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं. ते ग्राहक बनवणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढली आणि २००४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. प्रत्येकाच्या नाकात हे ग्राहक तंतोतंत सारखे नसतात. कस्तुरीचे रेणू वासाच्या जगात आकाराने मोठे, जवळजवळ शेवटच्या टोकाचे. त्यांच्या बाबतीत वास न येण्याचं हे अंधत्व बऱ्याच लोकांना असतं आणि बाकीचं नाक उत्तम असतं. कित्येक परफ्यूमरांनाही एखादी कस्तुरी येत नाही. ते काय करतात? आपल्याला कुठली येत नाही ते आधी शोधून लिहून ठेवतात, आणि त्या जागी जी येते ती वापरतात, किंवा प्रमाण ठरवताना शेजारच्याला बोलावतात. त्यांनी पेटीतली दुसऱ्या जातीची कस्तुरी काढली. मुलाने हुंगली आणि नुसती मान हलवली: आली.

करिअर दिन असल्यामुळे यापुढे अभ्यासक्रमांची यादी येईल अशी माझी अपेक्षा होती. सरांनी त्याऐवजी फळा मागितला आणि त्यावर एक काल्पनिक मागणी लिहिली. एका साबण कंपनीला मोगऱ्याचा पांढरा साबण काढायचा आहे. वडी १०० ग्रॅमची. साबणात सुगंध घालायचा एक टक्का. सुगंधाचा भाव किलोला हजार रुपयांच्या वर जाता कामा नये. दुकानात वडी हातात घेताच वास यावा, आणि आंघोळीनंतर टॉवेलवर थोडा राहावा.

"खराच मोगरा घालू या," एक मुलगी म्हणाली. सरांनी हिशोब तिलाच मांडायला लावला. तमिळनाडूत मोगऱ्याच्या कळ्यांतून हेक्झेन या द्रावकाने वास काढतात. एक किलो शुद्ध अर्क मिळवायला सातशे किलो किंवा त्याहून जास्त कळ्या लागतात. भाव काही लाखांत जातो. तीन लाख धरू. शंभर ग्रॅमच्या वडीत एक टक्का म्हणजे एक ग्रॅम. एका वडीतला अर्क तीनशे रुपयांचा झाला. मागणीतल्या भावाने त्याच एका ग्रॅमला एक रुपया मिळतो. वर्ग शांत झाला. रोज अंघोळीला वापरतो त्या साबणातला वास म्हणजे रुपया-दोन रुपयांत बसवलेली गोष्ट आहे, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग त्यांनी शाळेपुरतं एक सोपं सूत्र लिहिलं. परफ्यूमर सहसा हजार भागांत लिहितात. बेंझिल ॲसिटेट ३५०, लिनालूल १५०, हेडियोन २००, हेक्झिल सिनॅमिक अल्डिहाइड २२०, मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट ६०, इंडोल २०. पहिली दोन वडी हातात घेताच नाकात शिरणारी. हेडियोन नाजूक, हवेशीर, फुलाला जागा करून देणारं. हेक्झिल सिनॅमिक स्वस्त आणि टिकाऊ, टॉवेलवर राहायचं ते त्याने. शेवटची दोन म्हणजे मोगऱ्याची ओळख. खऱ्या सूत्रात तीस-चाळीस द्रव्यं असतात, पण सांगाडा हाच.

मुलांना वाटलं काम झालं. सरांनी टेबलावरच्या दोन वड्यांपैकी पहिली उचलली. तिच्यात हेच सूत्र होतं. मुलांनी ती हातोहात फिरवली आणि सगळ्यांना आवडली. "आता ही का नापास होणार ते सांगतो."

इथे माझ्याच पुस्तकातला धडा समोर आला. दहावीला मी एस्टर शिकवते, त्यांना फळांसारखा गोड वास असतो हे सांगते आणि अल्कलीने एस्टर फुटतो ते साबणीकरणही शिकवते. बेंझिल ॲसिटेट एस्टर आहे. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू नऊ-दहाच्या आसपास. वडी कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरात जाईपर्यंत महिने जातात, आणि तेवढ्या काळात बेंझिल ॲसिटेटचा काही भाग हळूहळू फुटून त्याचं जवळपास बिनवासाचं बेंझिल अल्कोहोल होतं. म्हणजे जो वास ग्राहकाला दुकानात खेचणार, तोच आधी पडतो. मी परीक्षेसाठी जी अभिक्रिया फळ्यावर लिहीत आले ती साबणाच्या वडीत, रॅपरच्या आत, गुपचूप चालू असते.

दुसरं संकट रंगाचं. मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट आणि अल्डिहाइड एकत्र आले की जोडी जमवतात आणि पिवळट-नारिंगी रंगाचं नवं द्रव्य तयार होतं. इंडोल उजेडात आणि हवेत तपकिरी-गुलाबीकडे झुकतं. पांढऱ्या साबणाला दोन्ही चालत नाहीत. वास कितीही चांगला असला तरी डाग पडलेली वडी दुकानदार परत पाठवतो.

हे आधी कळावं म्हणून चाचणी असते. तीच वडी एक फ्रीजमध्ये, एक साध्या खोलीत, एक ४५ अंशांच्या भट्टीत, एक खिडकीच्या उजेडात ठेवतात. ठरलेल्या आठवड्यांनी बाहेर काढून फ्रीजमधल्या वडीशी रंग आणि वास ताडून पाहतात, आणि हे बारा आठवडे चालतं. पहिल्याच महिन्यात भट्टीतली वडी पिवळी पडली तर परफ्यूमर पुन्हा सूत्रापाशी.

सरांच्या हातातली दुसरी वडी त्या दुरुस्तीनंतरची होती. तिच्यातून इंडोल आणि मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट दोन्ही काढली होती. संत्र्याच्या फुलाची बाजू सांभाळायला यारा यारा नावाचं द्रव्य घातलं होतं, स्वस्त आणि साबणात टिकणारं. रचनेने ते नॅप्थलीनचंच, म्हणजे डांबरगोळीच्या घरातलं, हे ऐकून मुलं पुन्हा हसली. इंडोलच्या जागी पॅरा-क्रेसिल फिनाइल ॲसिटेट, तेही कणभर, कारण जरा जास्त झालं की घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. बेंझिल ॲसिटेट कमी करून लिनालूल वाढवलं होतं, कारण ते अल्कलीला दाद देत नाही. वडी हुंगली. स्वच्छ, फुलांची, छान. पण पहिल्या वडीपुढे ती थोडी परकी वाटली, आणि वर्गातल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर तेच होतं.

ही वडी हातात धरूनच त्यांनी माणसं सांगितली, आणि करिअर म्हणजे काय ते मला तिथे उलगडलं. मागणी आणणारा विक्री विभागातला माणूस. त्याला साबणाचा बाजार कळतो आणि परफ्यूमरची भाषाही थोडी कळते. सूत्र लिहिणारा परफ्यूमर संगणकावर आकडे लिहितो, पण बाटल्यांतून मोजून घेणारा वेगळा, त्याला कंपाउंडर म्हणतात. ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर त्याचा हात चुकला तर परफ्यूमर चुकीच्या वासावर आठवडाभर विचार करत बसतो. वास साबणात घालून वड्या पाडणारे आणि भट्टीत ठेवणारे ॲप्लिकेशन लॅबचे लोक. कच्च्या मालात भेसळ आहे का ते यंत्रावर पाहणारे विश्लेषक. कुठल्या द्रव्याला कुठल्या देशात किती मर्यादा ते पाहणारे नियमांचे जाणकार. लिलिअल नावाचं फुलांच्या वासाचं एक अतिशय लाडकं द्रव्य २०२२ च्या मार्चपासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी झाली, तेव्हा जगभरची असंख्य सूत्रं या लोकांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहावी लागली. आणि या सगळ्यांच्या मधोमध इव्हॅल्युएटर.

इव्हॅल्युएटरवर ते जरा थांबले. हा माणूस सूत्र लिहीत नाही, हुंगतो आणि निकाल देतो. परफ्यूमरने चाळीस नमुने केले तर त्यातला कुठला ग्राहकाकडे जाईल हे तो ठरवतो, आणि कुठला का जाणार नाही हे शब्दांत सांगतो. "तुम्हाला तो आवडत असेल, पण सोलापूरच्या बाईला हा मोगरा वाटणार नाही, फिनेल वाटेल, असं मला तोंडावर सांगणारी माणसं ती." या कामाला रसायनशास्त्राची पदवी असली तर चांगलंच, पण भाषा आणि माणसांची पारख त्याहून जास्त लागते. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्याकडे विज्ञान न घेणाऱ्या मुलांना अशा तासांना मागे बसवण्याची सवय आहे.

परफ्यूमरच्या खुर्च्या मात्र थोड्या, हे त्यांनी लपवलं नाही. एका मागणीसाठी अनेक कंपन्या आपापले नमुने देतात. जिंकते ती एक, आणि हरलेल्यांना त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. त्यांचे स्वतःचे बहुतेक नमुने कपाटातच राहिलेत. शिकाऊ माणूस स्वतंत्र सूत्र लिहायला लागेपर्यंत पाच-सात वर्षं सहज जातात, आणि आधीची बरीचशी दुसऱ्यांची सूत्रं मोजण्यात.

वाट कुठून, हे शेवटी आलं. बारावीला रसायनशास्त्र, मग बी.एस्सी. मुलुंडला केळकर एज्युकेशन ट्रस्टचं वझे महाविद्यालय आहे, तिथे पदवीनंतरचा परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एस. एच. केळकर कंपनीमुळे या धंद्यात मराठी माणसांची जुनी ओळख आहे, हेही त्यांनी सांगितलं. माटुंग्याच्या आयसीटीत परफ्यूमरी आणि फ्लेव्हरचं एम.टेक. करता येतं. आणि ज्याला अत्तराच्या जुन्या भट्ट्या पाहायच्या असतील त्याने कनौजला जावं, तिथे १९९१ पासून सरकारी केंद्र आहे आणि छोटे अभ्यासक्रम चालतात.

"आत्ता काय करायचं?" हा प्रश्न गजरा ओळखणाऱ्या मुलीचा. सर म्हणाले, "आईला मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या झाकून एकेक नाकाशी धरायला सांग. जिरं आणि शहाजिरं, वेलदोडा आणि मसाला वेलची. ओळखता आलं तरी थांबू नकोस. दोघांत फरक काय, तो नाव न घेता लिही. तसं लिहिता यायला लागलं की मला कळव."

जाताना दोन्ही वड्या त्यांनी आमच्याकडेच ठेवल्या. आम्ही प्रत्येकीचे दोन तुकडे केले. एकेक तुकडा प्रयोगशाळेच्या उन्हाच्या खिडकीत, एकेक कपाटात फॉइलमध्ये गुंडाळून, आणि खाली तारीख. मुलं आठवड्याला येऊन वहीत नोंद करत. पहिल्या वडीचा खिडकीतला तुकडा आधी सायीच्या रंगाचा, मग कडांना पिवळा, मग चहा सांडल्यासारखा झाला. दुसरीचा पांढराच राहिला. वासाची गोष्ट इतकी सरळ नव्हती. पहिल्या तुकड्यातला केळ्याचा गोडवा कमी झाला होता, हे कपाटातल्या तुकड्याशेजारी धरल्यावर कुणालाही कळत होतं, पण मोगरा अजून होता.

मग मुलांनीच ठरवलं की डोळे बांधून मतदान घ्यायचं. डोळे बांधून बहुतेकांनी तपकिरी तुकडा निवडला. डोळे उघडे ठेवून, अंघोळीला कुठला घ्याल असं विचारलं, तर बहुतेकांनी पांढरा. निकाल मी सरांना कळवला. त्यांचा फोन आला तो मुलांसाठी एक प्रश्न घेऊन: वडीचा रंगच सुरुवातीपासून बदामी ठेवला, तर पहिल्या सूत्रातलं काय काय परत घालता येईल, आणि काय तरीही घालता येणार नाही? दहावी अ ने उत्तर लिहायला घेतलंय. इंडोल परत येईल यावर एकमत आहे. बेंझिल ॲसिटेटवरून वाद चालू आहे, कारण रंग बदलला तरी साबण अल्कधर्मीच राहणार.